‘नो ओपन फ्लेम’वाल्या अपार्टमेंटमध्ये वीतभर गणपती: दीड दिवसाचं स्टेप बाय स्टेप

दरवर्षी भाद्रपद जवळ आला की तेच प्रश्न येतात. समई चालेल का, धूप लावला तर अलार्म वाजेल का, मूर्ती बादलीत विरघळलीच नाही आता काय करू. आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याचं सामान आधीच घेऊन झालेलं असतं, मूर्ती घरी आलेली असते, मग सांगून उपयोग काय. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहितेय.

मी जर्सी सिटीत वन बेडरूममध्ये भाड्याने राहते, इमारत उंच आहे, स्प्रिंकलर आहेत, लीजमध्ये ओपन फ्लेम नाही असं स्पष्ट लिहिलंय. तुमचं गाव, देश वेगळा असेल तर नियम थोडे इकडेतिकडे होतील पण क्रम हाच ठेवा: आधी बिल्डिंगचा नियम, मग जागा, मग मूर्ती, मग पूजेची यादी. उलटं केलंत की फसलात.

१. लीज काढा आणि मॅनेजमेंटला लेखी विचारा (महिनाभर आधी)

लीजमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि लोक त्या एकच समजतात. काही ठिकाणी फक्त मेणबत्ती आणि उघडी ज्योत याला बंदी असते. काही ठिकाणी उदबत्तीचं नाव घेऊन बंदी असते, म्हणजे धुराला. कुठली आहे ते शब्दश: वाचा, कारण पुढची सगळी यादी त्यावर ठरते.

मग ईमेल करा. ‘आमचा सण आहे, दिवा लावू का’ असं मोघम विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं, त्यांनाही सोपं पडतं. नेमकं विचारा: एकच छोटा तुपाचा दिवा, स्टीलच्या ताटात, शेजारी माणूस बसलेला, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं, या तारखांना, चालेल का. आणि दुसरा प्रश्न त्याच ईमेलमध्ये, घरातला स्मोक डिटेक्टर फक्त घरात वाजतो की बिल्डिंगच्या पॅनेलला जोडलेला आहे. हा दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही आणि खरं तर तोच महत्त्वाचा आहे. नुसता घरात वाजणारा असेल तर कान किटतात आणि संपतं. पॅनेलला जोडलेला असेल तर अख्खी बिल्डिंग खाली उतरते आणि बंब येतो.

उत्तर ‘नाही’ आलं तर नाहीच. लॉबीतल्या ओळखीच्या गार्डने ‘अरे लाव, कोण बघतंय’ म्हटलं तरी ती परवानगी नव्हे. ‘हो’ आलं तर तो ईमेल जपून ठेवा.

⚠ बाल्कनीत लावू हा विचार सोडा. बऱ्याच लीजमध्ये बाल्कनीचा नियम घरापेक्षा कडक असतो, आणि वाऱ्याने ज्योत कुठे जाईल सांगता येत नाही. दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये पणती तर अजिबातच नको. रांगोळीसुद्धा उंबऱ्याच्या आत काढा.

२. तारीख भारताची नाही, तुमच्या गावाची बघा

ही चूक २०२५ ला माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी केली. भारतात गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. पण अमेरिकेच्या ईस्ट कोस्टवर चतुर्थी २६ ला पहाटे साडेचारच्या सुमाराला लागली आणि २७ ला सकाळी सव्वासहाच्या सुमाराला संपली. पार्थिव गणपतीची पूजा मध्यान्हात करतात, तर २७ च्या मध्यान्हाला इथे पंचमी लागून गेलेली. म्हणजे इथे गणपती मंगळवारी २६ ला. व्हॉट्सॲपवर घरच्यांचे फोटो बुधवारी आले म्हणून लोकांनी रजा बुधवारची टाकली.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सूर्योदय ते सूर्यास्त याचे पाच भाग करायचे, त्यातला तिसरा. जर्सी सिटीत त्या दिवशी तो साधारण पावणेबारा ते सव्वादोन होता, त्यामुळे अर्ध्या दिवसाच्या रजेत बसलं. पंचांगाच्या ॲपमध्ये शहर बदलून बघा, एक मिनिटाचं काम आहे. २०२६ ला दोन्हीकडे १४ सप्टेंबर, सोमवार, त्या वर्षी भांडण नाही.

(घरच्यांबरोबर व्हिडिओ कॉलवर पूजा करायची म्हणून भारताचा दिवस धरणारे पण आहेत. धरा, मला काही प्रॉब्लेम नाही, फक्त ठरवून धरा.)

३. जागा: वर बघा, मग खाली

घरातली रिकामी भिंत शोधायच्या आधी छताकडे बघा. तीन गोष्टी शोधायच्या: डिटेक्टर, स्प्रिंकलर, एसीची जाळी.

डिटेक्टरपासून निदान दहा फूट लांब बसवा. स्टोव्ह आणि अलार्ममध्ये पण एवढंच अंतर ठेवायला सांगतात. वन बेडरूममध्ये हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळ, एवढीच जागा सहसा उरते. खिडकी जवळ असलेली बरी, पण पडदा काढून ठेवा, नुसता बाजूला सारू नका.

स्प्रिंकलरबद्दल एक गैरसमज आहे की धूर झाला की पाणी पडतं. नाही. ते उष्णतेवर चालतं, घरांतल्या साध्या हेडमधली काचेची नळी साधारण ६८ डिग्री सेल्सियसला फुटते, म्हणजे पणतीने तुमच्यावर पाऊस पडणार नाही. खरी भीती वेगळीच आहे. त्या हेडला लोक तोरण बांधतात! छतात टोचायला दुसरं काही नसतं, हे एक सुंदर हुकसारखं दिसतं, की लावली झेंडूची माळ. ती नळी ओढाताणीने फुटली तर पाणी धो धो येतं, मेन व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत थांबत नाही आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या घरातही जातं. त्याच्या खाली दीड फूट जागा पण मोकळी ठेवायची, मखर तेवढं उंच करू नका.

एसीच्या जाळीखाली बसवलं तर ज्योत फडफडते आणि फडफडणारी ज्योत जास्त काजळी धरते. दुसरी जागाच नसेल तर पूजेपुरता एसी बंद.

मखर थर्माकोलचं नको, कागदी फुलांचं पण दिव्याच्या बाजूला नको. मी कॉफी टेबलवर पाट, त्यावर लाल कापड, मागे सुती साडी भिंतीला त्या निघणाऱ्या हुकांवर, एवढंच करते. खरा दिवा लावणार असाल तर तो मूर्तीसमोर नाही, टेबलाच्या पुढच्या कडेला, साडीपासून दोन-तीन फूट.

✔ चेक: मूर्तीच्या जागी उभं राहून हात वर करा. डोक्यावर डिटेक्टर, स्प्रिंकलर, जाळी, पडदा, यातलं काही येतंय का? येत असेल तर सरका.

४. मूर्ती: पाच-सहा इंच आणि खरीखुरी माती

मूर्ती लहान घ्यायची ती जागेमुळे नाही, बादलीमुळे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पाच गॅलनच्या बादलीत सहा इंची मूर्ती उभी पूर्ण बुडते आणि वर चार बोटं पाणी राहतं. नऊ इंची पण कशीबशी मावेल पण तिच्या गाळाचं करायचं काय हा प्रश्न नंतर येतो, आपल्याकडे अंगण नाही.

इथे न्यूअर्क ॲव्हेन्यूला नाहीतर एडिसनला ओक ट्री रोडवर मूर्त्या येतात. प्रत्येक जण ‘इको फ्रेंडली’ म्हणूनच विकतो. बुडाकडचा रंग न लावलेला भाग बघा, ओलं बोट तिथे अर्धा मिनिट घासा. शाडू असेल तर बोटाला बुळबुळीत चिखल लागतो. पीओपी असेल तर फार तर पांढरी भुकटी लागते, खालचा भाग टणकच राहतो. बुडाला पण रंग फासलेला असेल तर मी घेत नाही, लपवण्यासारखं काहीतरी असल्याशिवाय बुडाला कोण रंग देतो. चकचकीत ऑइल पेंट असेल तर माती खरी असूनही विरघळत नाही, रंगाचं टरफल तसंच उभं राहतं.

घरी करणार असाल तर क्राफ्टच्या दुकानातली एअर ड्राय क्ले बघून घ्या, तिच्यात बऱ्याचदा कागदाचा लगदा किंवा चिकटवणारं काहीतरी असतं. कुंभारकामाची साधी माती घ्या, भाजायची नाही. आधी लिंबाएवढा गोळा करा, चार दिवस सावलीत वाळवा, पाण्यात टाका. रात्रीतून विस्कटला तर मूर्ती करायला घ्या.

धातूची मूर्ती असेल तर विसर्जनाचा प्रश्नच नाही, तिच्यापुढे सुपारीचा गणपती मांडून सुपारीचं विसर्जन करा, मूर्ती पुन्हा देवघरात. ज्यांना सुट्टी नाही आणि रूममेट आहेत त्यांना मी हेच सांगते.

५. पूजेची यादी: ज्योत आणि धूर वेगळे करा

आता मुख्य मुद्दा. लोक ज्योतीची काळजी करतात आणि अलार्म वाजवतो धूर. तुपातली एक फुलवात शांत जळत असेल तर तिला जवळजवळ धूरच नसतो. उदबत्ती, धूप, गुग्गुळ आणि कापूर हे चौघं खरे गुन्हेगार. कापराची ज्योत पिवळी, काजळीवाली असते, दोन वड्या ताटात पेटवल्या की वर काळी रेघ जाताना डोळ्यांनी दिसते.

आमच्याकडे पहिल्या वर्षी धूप होता. दोनच काड्या. आरती संपता संपता अलार्म सुरू झाला, नवरा घाबरून धूर बाहेर जावा म्हणून मेन दार सताड उघडून उभा राहिला. आणि नेमकी तीच चूक. घरातला अलार्म घरातच वाजत होता, दार उघडल्यावर धूर कॉरिडॉरमध्ये गेला आणि तिथला डिटेक्टर पॅनेलला जोडलेला. दहा मिनिटांत सगळी बिल्डिंग रस्त्यावर, कडेवर पोरं, हातात मांजरं, आणि मी नऊवारीत. त्यातल्या एकाने नंतर विचारलं, आज काय आहे तुमचं? त्याला मोदक दिले.

⚠ अलार्म वाजला तर खिडकी उघडा, पंखा खिडकीकडे तोंड करून लावा, दार बंदच ठेवा. आणि पूजेआधी डिटेक्टरवर प्लॅस्टिकची पिशवी, शॉवर कॅप घालायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. लीजचा भंग तर आहेच, आणि नेमकी त्याच तासाला स्वयंपाकघरात कढईत तेल तापत असतं.

मग पूजेत काय करायचं? षोडशोपचारात एखादी गोष्ट नसेल तर तिच्या जागी अक्षता वाहायच्या हे आपल्याकडे आधीपासून आहेच. वस्त्र नसलं की ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणतोच ना आपण, तसंच धूपाच्या वेळी ‘धूपार्थे अक्षतान् समर्पयामि’. काही खोटं केल्यासारखं वाटायचं कारण नाही. सुगंधासाठी चंदनाचं गंध ताजं उगाळा, केवडा किंवा गुलाबपाणी शिंपडा, कापूस अत्तरात बुडवून मूर्तीपाशी ठेवा. न पेटवलेला कापूर वाटीत ठेवला तरी वास येतो, पण घरात लहान मूल असेल तर नको, खडीसाखर समजून तोंडात घातला तर विषारी आहे.

दिव्याचं दोन प्रकारे. परवानगी नसेल तर समई आणि निरांजन दोन्ही एलईडी. ते लुकलुकणारे स्वस्त दिवे बटन सेलवर चालतात आणि दीड दिवस टिकतीलच असं नाही, म्हणून एक यूएसबीवर चालणारा घ्या, तो अखंड राहील. बटन सेलचं झाकण स्क्रूवालं आहे ना बघा, मुलांनी सेल गिळणं हे दिव्यापेक्षा धोक्याचं.

परवानगी असेल तरी अखंड दिवा एलईडीच. खरी ज्योत फक्त आरतीपुरती, एक निरांजन, एक तुपाची फुलवात. निरांजन स्टीलच्या ताटात, ताटात पाण्याचा पातळ थर. आठवडाभर आधी एक फुलवात पेटवून घड्याळ लावा, किती मिनिटं जळते बघा. आमची थोडं तूप कमी घातल्यावर आरत्या आणि मंत्रपुष्पांजलीपर्यंत बरोबर पुरते. ज्योतीवरून हात फिरवून आरती घेताना पाहुण्यांनी ओळीने यायचं, ओढण्या खोचून. ताट घरभर फिरवायचं नाही. आणि विझवायचं काम एकाच माणसाकडे, नाव घेऊन द्या, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं.

✔ चेक: अग्निशामक सिलिंडर कुठे आहे, त्याची पिन कशी निघते, घरातल्या दोन माणसांना माहीत आहे का?

६. प्रत्यक्ष दिवस: स्वयंपाक आणि पूजा एका वेळी नको

पहिली काही वर्षं मी मोदक वाफवत, वडे तळत, मधेच हात धुऊन पूजेला बसायचे. छोट्या घरात हे चालत नाही. इथल्या बऱ्याच चिमण्या हवा बाहेर फेकत नाहीत, गाळून परत घरातच सोडतात, त्यामुळे तळणाचा धूर, उकडीची वाफ (वाफेनेही काही अलार्म वाजतात) आणि दिवा, सगळं एकाच हवेत.

आमचं २६ ऑगस्टचं वेळापत्रक असं होतं. आदल्या रात्री सारण करून फ्रिजमध्ये, मूर्ती आणून तोंडावर रुमाल घालून ठेवलेली. सकाळी आठला तळण नाहीच, वरण, भात, भाजी. साडेनऊला उकड काढून अकरा मोदक वाफवले, एकवीसचा हट्ट सोडला. साडेदहाला स्टोव्ह बंद, खिडकी उघडी, अर्धा तास हवा जाऊ दिली. बाराला संकल्प, कलश, शंख, घंटा, दिवा यांची पूजा, मग प्राणप्रतिष्ठा. पाऊणला आरती, त्यानंतर निरांजन विझवून मगच लोक जेवायला.

स्नानाच्या वेळी पंचामृत मातीच्या मूर्तीवर ओतायचं नाही हे भारतात सगळ्यांना माहीत असतं पण इथे पहिल्यांदा करणारे हमखास ओततात आणि सोंड गळते. ताम्हनात सुपारी किंवा देवघरातला धातूचा गणपती घ्या, अभिषेक त्याला. मातीच्या मूर्तीवर फुलाने किंवा दूर्वेने एक थेंब शिंपडायचा.

दूर्वा इंडियन स्टोअरमधूनच घ्या. बिल्डिंगसमोरच्या लॉनवरचं गवत दूर्वा नसतं, आमच्या भागात तर जवळजवळ नाहीच, वेगळं थंडीचं गवत लावतात, आणि त्यावर तणनाशक मारलेलं असतं. एकवीस नाही मिळाल्या तर तीन पानांच्या तीन-चार जुड्या पुरेत.

झांजा रात्री दहाच्या आत. टाळ्या वाजवा नंतर.

७. विसर्जन: बादलीत, आणि बादलीनंतरचं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा, आरती, दहीपोह्यांची शिदोरी, मूर्तीवर अक्षता टाकून जागेवरून थोडी हलवायची. मग हार, कंठी, जानवं, कापड सगळं काढा, एकही मणी राहू देऊ नका. बादलीत आधी पाणी भरा, मग मूर्ती हळू सोडा. वरून पाणी ओतलं तर डोकं आधी विरघळतं आणि मुलं रडतात.

बाथटबमध्ये नको. सिंकमध्ये, टॉयलेटमध्ये तर नकोच. शाडू नळाखालच्या वाकड्या पाइपमध्ये बसून दगड होतो, प्लंबरचं बिल मूर्तीच्या दहापट. हडसनमध्ये किंवा पार्कच्या तळ्यात गुपचूप सोडणारे आहेत, तिथे तो कचरा टाकण्याचा गुन्हा ठरू शकतो, आणि तळ्याकाठी हार तरंगताना बघून मलाच लाज वाटते.

बादली रात्रभर तशीच ठेवा, ढवळू नका. सकाळपर्यंत सहा इंची शाडूची मूर्ती बसते, फार तर आणखी एक दिवस. मग गाळ खाली, वर नितळ पाणी. पाणी अलगद कुंड्यांना. गाळ जुन्या ट्रेमध्ये वर्तमानपत्रावर पसरून वाळवा. तुकडे कुंडीच्या मातीत थोडे थोडे मिसळा, एकदम घातले तर कुंडीत पाणी झिरपत नाही. आम्ही मूठभर ठेवतो आणि पुढच्या वर्षीच्या मातीत घालतो.

चोवीस तासांनी पण मूर्ती जशीच्या तशी असेल तर ती पीओपी आहे. पुण्यात महापालिका यासाठी अमोनियम बायकार्बोनेट वाटते, मूर्ती त्यात एक-दोन दिवसांत मोडते, पण त्यातून अमोनिया सुटतो, बंद अपार्टमेंटमध्ये ते करू नका. हातोडीने फोडू पण नका, कुणाला करवत नाही ते. मूर्ती बाहेर काढून पुसा, वाळवा, विसर्जन झालं असं समजून कपाटात ठेवा आणि सामुदायिक विसर्जनाचा हौद करणारं जवळचं मंदिर किंवा मराठी मंडळ असेल तर अनंत चतुर्दशीला तिथे द्या. आधी फोन करून पीओपी घेतात का विचारा, काही ठिकाणी घेत नाहीत.

बादली धुतलेलं शेवटचं गढूळ पाणीसुद्धा कुंडीतच, नळाखाली नाही.